न बोललेल्या वाक्यावरून भांडण

गेल्या महिन्यात घाटकोपरला राहणारी एक ओळखीची मुलगी भेटायला आली. मुलगी म्हणायचे इतकेच; तिच्या निकाहला अकरा वर्षे झाली आहेत आणि दोन लेकरे शाळेत जातात. चहा ठेवेपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "आपा, आम्ही तीन दिवस बोललो नाही. आणि खरं सांगू? भांडण कशावरून सुरू झालं तेच आता सांगता येत नाही."

दोन दिवसांनी तिच्या नवऱ्याशीही बोलणे झाले. तोही तेच म्हणाला, "गोष्ट काहीच नव्हती." दोघांनी आपापली बाजू सांगितली आणि ऐकताना जाणवले की ही एका घराची कथा नाही. म्हणून दोघांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ती इथे मांडते आहे.

गुरुवारची गोष्ट. नवरा मरोळच्या एका प्रेसमध्ये कामाला. दुपारी चारला तिने त्याला मेसेज केला: "रविवारी मुलुंडला सकाळी लवकर निघू." तिच्या धाकट्या बहिणीची मंगनी होती. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे त्याने वाचले. उत्तर आले नाही. रात्री साडेआठला तो घरी आला, हातपाय धुतले, जेवायला बसला. तिने विचारले, "रविवारचं काय?" तो म्हणाला, "सकाळपासूनच जायलाच हवं का?"

ती काही बोलली नाही. भाजीचे भांडे जरा जोरात ठेवले गेले. तो म्हणाला, "आता तोंड फुगवायला काय झालं?" मग ती म्हणाली, "माझ्या माहेरचं काही असलं की तुम्हाला नेहमीच जड जातं." तो म्हणाला, "तुझ्यासाठी कितीही करा, तुला कधीच पुरं पडत नाही." तिथून विषय नणंदेच्या लग्नात कोणी किती काम केले इथे गेला, मग चार वर्षांपूर्वीच्या ईदला कोणाच्या घरी आधी गेलो यावर. तासाभराने तो हॉलमध्ये चादर टाकून झोपला आणि तिने आत जाऊन बहिणीला फोन लावला.

आता या भांडणातले खरोखर बोलले गेलेले वाक्य बघा. ते एकच आहे: "सकाळपासूनच जायलाच हवं का?" हा एक प्रश्न आहे. त्याचे उत्तर "हो" किंवा "नाही, दुपारी आलात तरी चालेल" असे असू शकते. पण तिच्या कानात प्रश्न पोहोचलाच नाही. तिने ऐकले ते असे: "तुझ्या माहेरच्यांची मला किंमत नाही." हे वाक्य त्याने उच्चारले नव्हते. ते तिने त्याच्या मनातून वाचले होते. आणि तिने उत्तर दिले ते त्या न बोललेल्या वाक्याला.

त्यानेही तेच केले. भांडे जोरात ठेवले गेले, एवढे त्याला ऐकू आले. त्यातून त्याने वाचले: "हा माणूस कुचकामी आहे, एक मंगनी नीट पार पाडता येत नाही याला." मग त्याने त्या वाक्याला उत्तर दिले. म्हणजे दोन माणसे समोरासमोर बसून, एकमेकांनी न बोललेल्या वाक्यांवर भांडत होती.

मग खरे काय होते? त्याने मला सांगितले ते असे. मेसेज आला तेव्हा तो मशीनवर होता. वाचला आणि हात काळे म्हणून फोन खिशात टाकला. त्या महिन्याचा पगार लांबला होता. रविवारी सकाळी प्रेसमध्ये अर्ध्या दिवसाचे जादा काम मिळत होते आणि त्याचे पैसे त्याच दिवशी हातात येणार होते. मेहुणीच्या मंगनीत पाकीट द्यायचे तर ते नीट द्यावे, अशी त्याची इच्छा होती. पैशाची ओढाताण बायकोपुढे बोलायची लाज वाटली, म्हणून कारण न सांगता नुसता प्रश्न विचारला. आणि तिचे? तिचे अब्बा दोन वर्षांपूर्वी गेले. मुलुंडला अम्मी एकटी, पाहुणे चाळीस. आपण सकाळी पोहोचलो नाही तर अम्मी एकटीच राबणार, ही काळजी तिला दुपारपासून खात होती. तीही तिने बोलून दाखवली नाही. का नाही, असे विचारल्यावर म्हणाली, "अकरा वर्षं झाली, आपा. एवढं तर त्यांना कळायला हवं."

या शेवटच्या वाक्याकडे नीट बघू, कारण सापळा तिथेच आहे.

विचारांमधल्या या चुकांचा अभ्यास करणारे पहिल्या फळीतले नाव म्हणजे अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ एरन बेक. 1960 च्या दशकात उदासीच्या रुग्णांवर उपचार करताना त्यांना दिसले की माणसाच्या मनात प्रसंग आणि भावना यांच्या मध्ये एक झटपट विचार येऊन जातो. इतका झटपट की तो विचार आहे हेच कळत नाही, तो वस्तुस्थितीच वाटतो. पुढे 1988 साली त्यांनी नवरा-बायकोच्या नात्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. समोरच्याच्या मनात काय आहे हे न विचारताच पक्के ठरवणे, ही तिथे त्यांनी दाखवलेली एक मुख्य चूक आहे. तिला 'मनवाचन' म्हणतात. आपल्या घरात याला जुना शब्द आहे: बदगुमानी. फरक इतकाच की बदगुमानी म्हटले की आपल्याला एखादा वाईट, संशयी माणूस आठवतो. मनवाचन मात्र चांगली, प्रेमळ, घर जपणारी माणसेही दिवसातून दहा वेळा करतात.

याच सुमारास, 1955 पासून, न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस हे मानसशास्त्रज्ञ असाच विचार मांडत होते. आपल्या मुंबईतले मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार केला आणि त्यांची उपचारपद्धती मराठी माणसांपर्यंत आणली. तिचा गाभा तीन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी, घटना. दुसरी, त्या घटनेबद्दल मनात आलेला विचार. तिसरी, त्याचा परिणाम, म्हणजे राग, रडू, अबोला. आपल्याला वाटते की घटनेमुळे राग आला. एलिस म्हणतात, मधली पायरी विसरू नका.

घाटकोपरच्या घरात हे मांडून बघू. घटना: त्याने विचारले, सकाळपासूनच जायलाच हवे का. विचार: याला माझ्या माहेरची किंमत नाही. परिणाम: छातीत कळ, डोळ्यांत पाणी, भांडे जोरात. आता घटना तीच ठेवून मधला विचार बदला: याला रविवारी सकाळी काही काम दिसते आहे. परिणाम काय होईल? फार तर थोडी चिडचिड, आणि तोंडून प्रश्न निघेल, "का हो, काही काम आहे का?" म्हणजे रात्र खराब केली ती मधल्या पायरीने.

इथे कोणी म्हणेल, परक्या माणसाबद्दल अंदाज चुकेल, पण ज्याच्यासोबत अकरा वर्षे काढली त्याचे मन आपल्याला कळणारच. नेमका हाच समज तपासणारा एक प्रयोग अमेरिकेत झाला. 2011 साली तो प्रसिद्ध झाला. चोवीस जोडप्यांना पाठीला पाठ लावल्यासारखे बसवले, म्हणजे चेहरा दिसू नये. मग एकाने असे वाक्य बोलायचे ज्याचे दोन-तीन अर्थ निघतात आणि ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ ओळखायचा. वाक्ये कधी आपला जोडीदार बोलायचा, कधी अनोळखी माणूस. आपले बोलणे आपल्या माणसाला बरोबर कळेल, असा बोलणाऱ्यांना भरवसा होता. प्रत्यक्षात जोडीदाराचे बोलणे अनोळखी माणसाच्या बोलण्यापेक्षा जास्त बरोबर ओळखता आले नाही. भरवसा मात्र जोडीदाराच्या बाबतीतच जास्त होता.

कारण साधे आहे. अनोळखी माणसाशी बोलताना आपण सावध असतो. त्याला काय माहीत आहे, काय नाही, याचा विचार करतो, स्पष्ट बोलतो, शंका आली तर पुन्हा विचारतो. आपल्या माणसापुढे हा सावधपणा गळून पडतो. "गरम होतंय" असे बायको म्हणाली तर तिला पंखा वाढवून हवा आहे, की ती स्वयंपाकाला कंटाळली आहे, की नुसतेच हवेबद्दल बोलते आहे, हे विचारायची आपल्याला गरज वाटत नाही. पाहुण्याने म्हटले तर आपण लगेच विचारतो, "पंखा वाढवू का?"

म्हणून "एवढं तर कळायला हवं" हे मनवाचनाचेच उलटे रूप आहे. एका बाजूला मी तुमचे मन न विचारता वाचते. दुसऱ्या बाजूला तुम्ही माझे मन न सांगता वाचावे अशी अपेक्षा ठेवते. पहिल्यातून चुकीचा आरोप तयार होतो आणि दुसऱ्यातून न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा.

आता भांडण लहानाचे मोठे कसे झाले ते बघू, कारण मनवाचन एकटे आले नाही. त्याच्या मागोमाग दोन शब्द आले: "नेहमीच" आणि "कधीच". तिने "नेहमीच जड जातं" म्हटले, त्याने "कधीच पुरं पडत नाही" म्हटले. मी तिला विचारले, "गेल्या वर्षात माहेरी किती वेळा गेलात?" तिने बोटे मोजली: अम्मीच्या मोतीबिंदूच्या वेळी तो रजा काढून आला होता, भावाच्या घरवापसीला आला होता, ईदला गेले होते. दोनदा आला नव्हता. म्हणजे पाचपैकी तीनदा तो आला होता. रागात असताना मनाला फक्त ते दोनच प्रसंग सापडले. मन असेच गोळा करते. जो आरोप आधी ठरला आहे त्याला पुरावे शोधते आणि बाकीचे बाजूला ठेवते.

"नेहमी" या शब्दाचा आणखी एक दोष आहे. एका रविवारबद्दल तक्रार केली तर तो रविवार बदलता येतो. "तुम्ही नेहमीच असे" म्हटले की मग ती रविवारची गोष्ट राहत नाही, माणसाच्या स्वभावाची होते. स्वभावावर आरोप झाला की माणूस रविवारबद्दल बोलत नाही, स्वतःचा बचाव करतो. आणि बचावासाठी जुने हिशेब बाहेर काढतो. नणंदेचे लग्न आणि चार वर्षांपूर्वीची ईद त्या रात्री अशीच आली.

कुरआनमधील सूरह अल-हुजुरातची बारावी आयत आपण खुत्ब्यांत अनेकदा ऐकतो. ती ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे शेजारी, भाऊबंद, मोहल्ला येतो. कधीतरी ती स्वतःच्या स्वयंपाकघरासाठी वाचून बघा. तिथे तीन गोष्टींपासून रोखले आहे आणि त्यांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: आधी गुमान, मग टेहळणी, मग पाठीमागे बोलणे. घाटकोपरच्या घरात काय झाले? आधी अंदाज. मग दुसऱ्या दिवशी तो आंघोळीला गेला असताना तिने त्याचा फोन उघडून पाहिला, की हा रविवारी दुसरीकडे कुठे जाणार आहे का. तोवर बहिणीला फोन करून झालाच होता आणि मुलुंडला सगळ्यांना कळले होते की जावयाला यायचे नाही. तिने स्वतःच मला हे सांगितले आणि मान खाली घातली. अंदाज तिथेच थांबला असता तर पुढच्या दोन गोष्टींची गरजच पडली नसती. शिवाय नवरा-बायकोत समेट झाला तरी माहेरच्यांच्या मनात बसलेले मत तितक्या लवकर निघत नाही.

मग करायचे काय? त्या मुलीला मी जे सांगितले तेच इथे लिहिते. राग चढू लागला की स्वतःच्या मनातल्या वाक्यात तीन खुणा शोधायच्या. "त्यांना वाटतं की", "मुद्दाम" आणि "कळायला हवं होतं". यातली एक जरी सापडली तरी समजावे की आपण डोळ्यांनी पाहिलेले सोडून मनाने वाचलेल्यावर उभे आहोत.

मग एका कागदावर, किंवा मनातल्या मनात, दोन ओळी. पहिल्या ओळीत फक्त कॅमेऱ्यात दिसले असते तेवढेच: मेसेज वाचला, उत्तर दिले नाही, "सकाळपासूनच जायलाच हवं का" असे विचारले. दुसऱ्या ओळीत आपला अंदाज: माहेरची किंमत नाही. या दोन ओळी वेगळ्या लिहिल्या की अंदाजाचा जोर निम्मा होतो, कारण तो अंदाज आहे हे दिसते. त्यानंतर त्याच घटनेची आणखी दोन शक्य कारणे शोधायची. ती खरी असायलाच हवीत असे नाही. काम असेल, पैशाची अडचण असेल, थकला असेल. एकाच कारणावर चिकटलेले मन त्यामुळे सुटते.

आणि शेवटी विचारायचे. पण कसे, यावर सगळे अवलंबून आहे. "तुम्हाला माझ्या माहेरचा एवढा राग का?" हाही प्रश्नच आहे, पण त्यात निकाल आधीच दिला आहे. खरा प्रश्न तीन तुकड्यांचा असतो: मी काय पाहिले, मला काय वाटले, आणि खरे काय आहे. तिच्या तोंडी तो असा झाला असता: "तुम्ही म्हणालात सकाळपासून जायला हवं का. मला वाटलं तुम्हाला यायचं नाही, म्हणून वाईट वाटलं. तसं आहे का, की दुसरं काही आहे?" आणि लगेच स्वतःची गरज: "अम्मी एकटी आहे, मला सकाळी पोहोचायचं आहे."

नवऱ्यालाही मी एक गोष्ट सांगितली. अर्धे वाक्य बोलून थांबू नये. "सकाळपासूनच जायलाच हवं का" याच्या पुढे "मला अर्ध्या दिवसाचं काम मिळतंय" एवढे पाच शब्द असते, तर मनवाचनाला जागाच उरली नसती. आपण कारण दिले नाही की समोरचा माणूस ते स्वतः भरतो, आणि थकलेल्या, काळजीत असलेल्या माणसाने भरलेले कारण क्वचितच चांगले असते.

हे करताना दोन ठिकाणी घसरायला होते. पहिले, वेळ. जेवताना, दारात चप्पल काढताना, मुलांपुढे विचारू नये. राग फार चढला असेल तर "अर्ध्या तासाने बोलू" असे सांगून उठावे. न सांगता उठले तर त्या उठण्याचाही अर्थ लावला जातो. दुसरे, मिळालेल्या उत्तरावर विश्वास. तो म्हणाला "थकलोय" आणि आपण म्हणालो "खरं सांगा, मनात काय आहे?" तर आपण पुन्हा मन वाचायला बसलो. पुन्हा पुन्हा विचारणे ही उलटतपासणी होते आणि पुढच्या वेळी तो खरे सांगायचेच टाळतो.

अंदाज कधी कधी खराही निघतो. खरोखरच त्याला यायचे नसेल. तरी विचारलेले फुकट जात नाही. मग निदान खऱ्या मतभेदावर बोलता येते, आणि त्यातून वाट काढता येते.

पण एक मर्यादा स्पष्ट सांगते. हे सगळे किरकोळ मतभेदांसाठी आहे. जिथे हात उचलला जातो, धमक्या मिळतात, पैसे काढून घेतले जातात, घराबाहेर पडायला बंदी आहे, तिथे बाईने स्वतःचे विचार तपासत बसू नये. तिथे अंदाज नसतो, घटना असते. अशा वेळी 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 सालापासून 'दिलासा' नावाचे केंद्र अशाच स्त्रियांसाठी चालते. घरातल्या मोठ्यांनीही तिला "तूच गैरसमज करून घेतलास" असे म्हणू नये.

घाटकोपरच्या घरात पुढे काय झाले? शनिवारी रात्री तिने विचारले. सांगितल्याप्रमाणे नाही, तिला ती वाक्ये आठवली नाहीत. ती एवढेच म्हणाली, "तुम्हाला यायचं नाही असं मी धरून बसले होते. खरं काय आहे?" तो थोडा वेळ गप्प राहिला, मग पगाराचे सांगितले. ती म्हणाली, "एवढंच होतं तर बोलला का नाहीत?" तो म्हणाला, "तू कुठं सांगितलंस अम्मी एकटी आहेत ते?"

रविवारी ती मुलांना घेऊन सकाळच्या लोकलने मुलुंडला गेली. तो दोनच्या सुमारास थेट कामावरून आला, शर्टावर शाईचा डाग घेऊन. पाकीट त्याने स्वतः मेहुणीच्या हातात दिले. मुलुंडच्या मंडळींना मात्र अजून वाटते की जावयाला यायचेच नव्हते. ते आता तिला एकेकाला भेटून सांगावे लागते आहे.